एका पायरीत ११.९०, दोन पायऱ्यांत १५.५९ : एकाच कॉलच्या दोन किमती कशा?

पाऊलवाट

युरोपियन कॉलची किंमत बायनॉमियल ट्रीने हाताने काढून बघते आहे. शेअर आज १००, स्ट्राइक १००, मुदत एक वर्ष. वर्षाअखेर शेअर १२० होईल किंवा ८०, म्हणजे u = १.२ आणि d = ०.८. व्याज ५ टक्के, म्हणून R = १.०५. डिव्हिडंड नाही.

q = (R − d)/(u − d) = ०.२५/०.४ = ०.६२५
कॉल = ०.६२५ × २० / १.०५ = ११.९०

पायऱ्या वाढवल्या की उत्तर सुधारतं असं सगळीकडे वाचलं, म्हणून तेच u, d, R घेऊन दोन पायऱ्या केल्या. शेवटी शेअर १४४, ९६ किंवा ६४. कॉलला फक्त १४४ वर ४४ मिळतात, बाकी दोन्हीकडे शून्य. मागे येत येत १५.५९ आलं. हे जवळजवळ ३१ टक्क्यांनी जास्त आहे. आकडेमोड तीनदा तपासली. यातलं खरं कुठलं धरायचं?

आणखी एक खटकतंय. शेअर वर जाण्याची शक्यता ८० टक्के आहे असं कोणी पक्कं सांगितलं, तरी ते ८० टक्के या सूत्रात कुठेच बसत नाहीत. असं कसं चालेल?

---

ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. या पद्धतीत सगळे गुंतवणूकदार जोखमीबाबत बेफिकीर आहेत असं गृहीत धरतात. त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर ५ टक्केच परतावा अपेक्षित असतो आणि खऱ्या शक्यतेची गरज उरत नाही. पहिल्याचं म्हणाल तर दोन पायऱ्यांचं उत्तर जास्त बारीक असतं, तेव्हा १५.५९ धरा.

---

गाठनिरगाठ

ताळेबंद, q च्या जगात सगळ्यावर ५ टक्केच परतावा येतो हे तुमचं बरोबर आहे. पण ते गृहीतक नाही, निष्पत्ती आहे. लोक जोखमीला कितीही घाबरत असले तरी ११.९० बदलत नाही. १५.५९ बद्दलचं म्हणणं मात्र मला पटत नाही, त्यावर नंतर येतो.

पाऊलवाट, थोडा वेळ q विसरून जा. कॉल वरच्या फांदीत २० देतो, खालच्या फांदीत शून्य. शेअर स्वतः त्या दोन फांद्यांत १२० आणि ८० असतो, म्हणजे ४० चं अंतर. कॉलचं अंतर २०. म्हणून अर्धा शेअर घ्या. तो वर ६० होईल, खाली ४०. आपल्याला २० आणि ० हवेत, तेव्हा दोन्हीकडून ४० वजा व्हायला हवेत. वर्षाअखेर ४० फेडायचे असतील तर आज ४०/१.०५ = ३८.१० कर्ज मिळतं.

आजचा खर्च ५० − ३८.१० = ११.९०. एवढ्या पैशात हुबेहूब कॉल तयार झाला, आणि यात संभाव्यतेचा शब्दही आला नाही.

आता समजा कोणी हा कॉल १३ ला विकत घ्यायला तयार आहे. त्याला विका, ३८.१० कर्ज काढा, अर्धा शेअर घ्या. हातात १.१० उरतात. वर्षाअखेर शेअर १२० झाला तर तुमच्याकडचे ६० आहेत, त्यातले ४० कर्जाला आणि २० कॉलवाल्याला. ८० झाला तर ४० आहेत, तेवढेच कर्ज. दोन्हीकडे हिशोब शून्यावर मिटतो आणि १.१० तुमचे. शेअर वर जाण्याची शक्यता ८० टक्के असो की २०, हा नफा तसाच राहतो. म्हणूनच ती शक्यता किमतीत येत नाही.

q येतो तो नंतर. ११.९० चं गणित नीट मांडलं की ते (q × २० + (१ − q) × ०)/R असं दिसायला लागतं आणि q = ०.६२५ निघतो. शेअरवर लावून बघा : ०.६२५ × १२० + ०.३७५ × ८० = १०५. बरोबर १०० × १.०५. हा ताळा नेहमी पहिल्यांदा करावा. तो जुळला नाही तर पुढचं काहीच जुळणार नाही.

---

पाऊलवाट

अर्ध्या शेअरचं पटलं. पण मनात अजून एक अडखळ आहे. शक्यता खरोखर ८० टक्के असेल तर कॉलचं अपेक्षित देणं ०.८ × २० = १६. आणि शेअर सरासरीने ०.८ × १२० + ०.२ × ८० = ११२, म्हणजे १२ टक्के परतावा. मग १६ ला १.१२ ने भागून १४.२९ का नाही? ५ टक्क्यांऐवजी शेअरचा खरा दर वापरला, इतकंच.

---

गाठनिरगाठ

इथेच बहुतेक जण घसरतात. १२ टक्के हा दर शेअरच्या जोखमीचा आहे, कॉलच्या नाही. ११.९० च्या कॉलमध्ये ५० चा शेअर दडलेला आहे, बाकी कर्ज. म्हणजे ५०/११.९० = ४.२ पट उधारीचा पसारा. शेअर बिनजोखमीच्या दरापेक्षा ७ टक्के जास्त देत असेल, तर कॉलने ४.२ × ७ = २९.४ टक्के जास्त द्यायला हवेत. त्यात ५ मिळवा, ३४.४ टक्के झाले.

१६/१.३४४ = ११.९०.

म्हणजे खऱ्या शक्यतेनेही किंमत काढता येते, उत्तर तेच येतं. फक्त कॉलचा योग्य दर आधी माहीत असावा लागतो आणि तो काढायला पुन्हा तोच अर्धा शेअर लागतो. q वापरला की ही सगळी उठाठेव वाचते. १४.२९ मध्ये वजनं खऱ्या जगातली आणि दर भलत्याच वस्तूचा, अशी सरमिसळ आहे.

---

चक्रवाढ

दोन पायऱ्यांच्या ट्रीमध्ये मधल्या गाठीवर तपासणी राहिली आहे. शेअर १२० झाला की कॉल तिथेच वापरला तर २० मिळतात. मागे येताना प्रत्येक गाठीवर दोन आकड्यांतला मोठा घ्यायचा असतो. फरक त्यामुळे पडला असेल.

---

रेघोटी

चक्रवाढ, धाग्याचा विषय युरोपियन कॉल आहे. मुदतीआधी वापरताच येत नाही, त्यामुळे ती तपासणी इथे नको. आणि केली असती तरी काही बदललं नसतं. १२० च्या गाठीवर कॉल ०.६२५ × ४४/१.०५ = २६.१९ चा आहे. २६.१९ ची वस्तू २० ला कोण मोडेल? डिव्हिडंड नसलेल्या शेअरच्या कॉलबाबत, व्याजदर ऋण नसेल तर, हे कायम असंच असतं. पुट असता तर तुमची तपासणी महत्त्वाची ठरली असती.

---

चक्रवाढ

बरोबर, मी अमेरिकन समजून वाचलं.

---

गाठनिरगाठ

आता दोन पायऱ्या. आकडेमोड बरोबर आहे, पण आतमध्ये काय घडतं ते एकदा बघा, कारण एका पायरीत जे दिसत नाही ते इथे दिसतं : हेज मध्येच बदलावा लागतो.

शेवटून सुरुवात. १२० च्या गाठीवरून शेअर १४४ किंवा ९६ होतो आणि कॉल ४४ किंवा ०. तिथली किंमत २६.१९. ८० च्या गाठीवरून ९६ किंवा ६४, दोन्हीकडे शून्य, म्हणून तिथे कॉल शून्य. आज, मुळाशी, पुढच्या पायरीला २६.१९ किंवा ० हवेत. शेअर किती घ्यायचे? २६.१९/४० = ०.६५४८. खर्च ६५.४८, कर्ज ४९.८९, निव्वळ १५.५९.

समजा पहिल्या पायरीला शेअर १२० झाला. तुमचे शेअर ७८.५७ चे झाले, कर्ज व्याजासह ५२.३८. शिल्लक २६.१९, म्हणजे तिथल्या कॉलची नेमकी किंमत. पण शेवटच्या पायरीसाठी आता ४४/(१४४ − ९६) = ०.९१६७ शेअर हवेत. ०.२६१९ शेअर आणखी घ्यायचे, १२० च्या भावाने ३१.४३ लागतात. ते कर्ज काढूनच घ्यायचे, नवं कर्ज ८३.८१. खिशातून एक पैसा घातला नाही. शेवटी शेअर १४४ झाला तर १३२ चे शेअर वजा ८८ चं कर्ज, ४४. ९६ झाला तर ८८ वजा ८८, शून्य.

पहिल्याच पायरीला ८० झाला तर शेअर ५२.३८ चे आणि कर्जही ५२.३८. विकून टाका, फेडून टाका, विषय संपला.

मधल्या गाठीवर वरून पैसे घालावे लागत असतील किंवा उरत असतील, तर तिथे कुठेतरी आकडा चुकलेला आहे. हा ताळा मला अंतिम उत्तरापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

---

पायथा

गाठनिरगाठ यांनी यंत्रणा दाखवली, पण मूळ प्रश्न राहिलाच आहे. ११.९० आणि १५.५९ या एकाच कॉलच्या दोन किमती नाहीतच. हे दोन वेगळे कॉल आहेत, दोन वेगळ्या जगांतले.

पाऊलवाट, पहिल्या ट्रीमध्ये एका पायरीला एक वर्ष लागतं. दुसऱ्या ट्रीमध्ये मुदत एक वर्षच ठेवायची असेल तर पायरी सहा महिन्यांची झाली. पण तुम्ही सहा महिन्यांत पुन्हा २० टक्के वर-खाली आणि ५ टक्के व्याज दिलंत. वर्षाचं व्याज १०.२५ टक्के झालं. चढउतारही वाढला. १.२ आणि ०.८ यांच्या लॉगमधलं निम्मं अंतर ०.२०३ आहे, म्हणजे वर्षाला एक पायरी असेल तर व्होलॅटिलिटी सुमारे २० टक्के. तेच अंतर सहा महिन्यांत घेतलं तर ती √२ पटीने वाढून २९ टक्क्यांच्या आसपास जाते. व्याज आणि व्होलॅटिलिटी दोन्ही वाढले की कॉल महागणारच. (तुमचं गणित प्रत्येकी एक वर्षाच्या दोन पायऱ्या, म्हणजे दोन वर्षांचा कॉल, असं वाचलं तर १५.५९ अगदी बरोबर आहे.)

मुदत तीच ठेवून पायऱ्या वाढवायच्या तर पायरीचा आकार लहान करावा लागतो. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी १९७९ मध्ये दिलेली निवड अजूनही सर्रास वापरतात :

u = e^(σ√Δt), d = 1/u, R = (वर्षाचा R)^Δt

व्याज Δt च्या प्रमाणात आणि चढउतार √Δt च्या प्रमाणात आकसतो, हे लक्षात ठेवा. दोन्ही सरळ निम्मे केले तर उलट चूक होते : व्होलॅटिलिटी कमी पडते आणि कॉल स्वस्त दिसतो.

σ = २० टक्के घेऊन दोन्ही ट्री करा. एक पायरी : u = १.२२१४, d = ०.८१८७, q = ०.५७४३, कॉल १२.११. दोन पायऱ्या : u = १.१५१९, d = ०.८६८१, R = १.०२४७, q = ०.५५१७. शेवटी शेअर १३२.६९, १०० किंवा ७५.३६. पेऑफ फक्त ३२.६९. कॉल ९.४८.

---

पाऊलवाट

सहा महिन्यांची पायरी झाल्यावरही मी वर्षाचेच आकडे वापरत होते. आता दिसलं. पण आता १२.११ वरून ९.४८ वर घसरलं! हे सुधारणं म्हणायचं का?

---

पायथा

हो, पण सरळ रेषेत सुधारत नाही. याच आकड्यांनी ब्लॅक-शोल्सचं उत्तर १०.३९ येतं. एक पायरी त्याच्या वर, दोन पायऱ्या खाली. तीन पायऱ्या केल्या तर १०.९८, पुन्हा वर. झोपाळ्यासारखं हेलकावत ते १०.३९ कडे जातं. कारण स्ट्राइकची जागा. पायऱ्या सम असल्या की शेवटची मधली गाठ बरोबर १०० वर, स्ट्राइकवरच बसते. विषम असल्या की १०० दोन गाठींच्या मध्ये पडतो.

---

ताळेबंद

मग सम आणि विषम उत्तरांची सरासरी घ्यायची. (१२.११ + ९.४८)/२ = १०.७९. दोन आणि तीन पायऱ्यांची घेतली तर १०.२३. दोन्ही १०.३९ च्या बरीच जवळ आहेत.

---

रेघोटी

या उदाहरणात जमतं, कारण स्ट्राइक आणि आजचा भाव एकच आहे. स्ट्राइक ९३ किंवा १०७ असेल तर हेलकाव्याची लय इतकी नीट नसते. सवय म्हणून मी हे सुचवणार नाही.

---

शून्यबिंदू

जवळपास याच विषयावरचं. माझ्याकडे फार शांत मालमत्ता आहे, σ फक्त ३ टक्के, वर्षाचं व्याज ८ टक्के. एका पायरीत q = १.८३ आला. एकाहून मोठी संभाव्यता! सूत्र उलटसुलट तपासलं, चूक सापडत नाही.

---

गाठनिरगाठ

सूत्र बरोबर आहे, ट्री चुकीचा आहे. u = e^०.०३ = १.०३०५ आणि R = १.०८. वरची फांदीसुद्धा ठेवीपेक्षा कमी देते. अशा जगात ती मालमत्ता उधार घेऊन विकायची आणि पैसे ठेवीत टाकायचे, दोन्ही फांद्यांत खात्रीचा नफा. d < R < u ही अट मोडली की q शून्य ते एकच्या बाहेर जातो. म्हणजे q तुम्हाला ट्रीमधलं भोक दाखवतो आहे.

पायरी लहान केली की अट पुन्हा जुळते, कारण √Δt हा Δt पेक्षा हळू आकसतो. तुमच्या आकड्यांत σ√Δt हे Δt × ln १.०८ पेक्षा मोठं हवं. त्यावरून Δt साधारण ०.१५ च्या खाली येतो. वर्षाला सहा पायऱ्या पुरत नाहीत, सात पुरतात.

---

शून्यबिंदू

सात केल्या, q एकच्या जरासा खाली आला. पण ०.९८ वगैरे असणं विचित्र नाही का?

---

गाठनिरगाठ

चालतं, पण खालच्या फांद्यांना जवळजवळ वजनच उरत नाही. मी आणखी बऱ्याच पायऱ्या घेईन.

---

पाऊलवाट

सराव म्हणून पहिल्या ट्रीवर (१.२, ०.८, दर पायरीला १.०५) स्ट्राइक ९० घेतला. पेऑफ ५४, ६, ०. या वेळी मागे न येता शेवटच्या वजनांनी थेट काढलं : q² × ५४ + q(१ − q) × ६, भागिले १.१०२५. उत्तर २०.४१. मागे येत काढलं तर २१.६८. आता हे का?

---

रेघोटी

९६ वर पोचायच्या वाटा दोन आहेत : आधी वर मग खाली, आणि आधी खाली मग वर. मधल्या गाठीचं वजन २q(१ − q) = ०.४६८८. तुम्ही एकच वाट मोजली. तिन्ही वजनांची बेरीज करून बघा, १ यायला हवी. तुमची ०.७६५६ येते. (२१.०९ + २.८१)/१.१०२५ = २१.६८.

स्ट्राइक १०० असताना मधला पेऑफ शून्य होता, म्हणून ही चूक तिथे लपून राहिली असती. मला वाटतं, शिकताना मधली गाठ शून्य नसलेलं उदाहरणच घ्यावं.

ताळ्यासाठी :

```python
S, K, u, d, R, n = 100, 90, 1.2, 0.8, 1.05, 2
q = (R - d) / (u - d)
V = [max(S * u**j * d**(n-j) - K, 0) for j in range(n+1)]
while len(V) > 1:
    V = [(q*V[j+1] + (1-q)*V[j]) / R for j in range(len(V)-1)]
print(round(V[0], 2))   # 21.68
```

---

गाठनिरगाठ

स्ट्राइक ९० मध्ये आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. १२० च्या गाठीवरून पुढे दोन्हीकडे कॉल पैशात आहे, म्हणून तिथे पूर्ण एक शेअर लागतो. पसारा १२०/३४.२९ = ३.५ पट. ८० च्या गाठीवर ०.१८७५ शेअर, १५/३.५७ = ४.२ पट. वरच्या ८० टक्क्यांच्या खऱ्या शक्यतेने काढायचं झालं तर एका गाठीवर २९.५ टक्के दर आणि दुसरीवर ३४.४. गाठीगणिक दर बदलत गेला की खऱ्या शक्यतेची वाट किती खडतर आहे ते कळतं. q सगळीकडे ०.६२५ च राहतो आणि दर ५ टक्केच.

---

ताळेबंद

माझं पहिलं विधान मागे घेतो. पण मग q ला संभाव्यता का म्हणायचं? ती कशाचीच शक्यता नाही. हे नावच गोंधळाचं मूळ आहे.

---

पायथा

बेरीज एक होते, ऋण नसते, सरासरी काढता येते. गणितात संभाव्यता म्हणायला एवढं पुरतं.

---

रेघोटी

गणितात पुरेल. पण शिकणाऱ्याला ती शेअर वर जाण्याची शक्यता वाटते आणि तिथूनच १४.२९ जन्माला येतं. 'किमतीची वजनं' म्हटलं तर निदान गैरसमज होणार नाही.

---

पाऊलवाट

मला संभाव्यता शब्द चालेल, आता फसणार नाही. पुटनेही ताळा केला : एका पायरीत पुट ७.१४, आणि ११.९० − ७.१४ हे १०० − १००/१.०५ ला जुळलं. पायथा, तुमच्या दोन पायऱ्यांच्या ट्रीवर स्ट्राइक ९० घेऊन उद्या उत्तर टाकते. σ मात्र २० टक्के असं हातानेच धरलं आहे. ते कुठून आणायचं, मागच्या भावांवरून की बाजारातल्या दुसऱ्या कॉलवरून?

---

पायथा

मी दुसऱ्या कॉलच्या भावावरून उलटं काढतो.

---

रेघोटी

आणि जिथे दुसरा कॉल फारसा विकलाच जात नाही, तिथे त्या भावावर माझा विश्वास नसतो. मी मागच्या भावांवरून काढते आणि दोन्ही टोकांचे σ घालून किंमत किती हलते ते बघते.